तिसरा दगड

माझी माय कमलबाई हिला मरण्याआधी एकदा देवीची ओटी स्वतःच्या हाताने भरायची होती. एवढंच. आमचं घर चर्मकारांचं. म्हसावदकडच्या आमच्या गावात नवरात्रात पाटलांच्या बाया गाभाऱ्यात जाऊन ओटी भरतात, आणि आम्ही पायरीखालच्या दगडावर ठेवायची. पुजारी पाणी शिंपडून ती उचलणार. छप्पन सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा आहे, अडवणाऱ्याला शिक्षा आहे, पण दगड तिथंच.

यंदा मी तहसीलदारांकडे तक्रार केली आणि फौजदाराला घेऊनच देवळात गेले. ट्रस्टचे अध्यक्ष उमाकांत पाटील हसतच पुढे आले. "या दीपमालाताई, या. कोन अडाये तुम्हले?"

मायने सभामंडपात पाऊल टाकलं. पुढे गाभाऱ्याला नवीकोरी लोखंडी जाळी, जाळीला कुलूप.

"आजपासून आत फक्त पुजारी. सगळासले सारखंच. वटी खाले दगडवर ठेवानी," उमाकांत म्हणाले.

फौजदाराने खांदे उडवले. सगळ्यांनाच बंद, मग भेदभाव कुठला? मला हे आधी सुचायला हवं होतं. नाशिकला काळारामाच्या दारात आमच्या आज्याच्या पिढीची माणसं बसली, तेव्हाही दारं सगळ्यांनाच बंद केली होती. अक्कल जुनीच, कुलूप तेवढं नवं!

तेवढ्यात पाटलांच्या बाया ओट्या घेऊन आल्या. कुलूप पाहून त्यांच्यातली बेबीबाई उमाकांतांवर नाही, माझ्यावर उखडली. "तुन्हामुये आम्हले बी बाहेर उभं ऱ्हावं लागी ऱ्हायनं!"

"कुलूप मी लावलं का?"

ऐकतं कोण! चोर सोडून संन्याशाला फाशी. मग तिने दगडाकडे बघितलं आणि ओटी छातीशी धरली. "तेस्ना दगडवर आम्ही वटी कशी ठेवानी?"

बायांनी आपसात ठरवलं. दोघी जणी जाऊन नदीकाठचा एक चपटा दगड घेऊन आल्या, धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि आमच्या दगडापासून हातभर अंतरावर मांडला. सगळ्यांनी त्यावर आपापल्या ओट्या ठेवल्या. देवी जाळीच्या आत कोंडलेली, आम्ही सगळ्या बाहेर, आणि तरीही वेगवेगळ्या. फौजदार मोबाइल बघत होता.

"माय, चाल घर," मी म्हटलं. माझ्याच्याने बघवत नव्हतं.

माय हलली नाही. आयुष्यभर खाली मान घालून त्या दगडापाशी वाकलेली ती बाई दोन्ही दगडांकडे बघत राहिली. मग पदर सावरला, सरळ नव्या दगडापाशी गेली आणि खण-नारळ तांदळासकट बेबीबाईच्या ओटीशेजारी ठेवून हात जोडले.

"सगळासले सारखंच ना, भाऊ?" तिने उमाकांतांना विचारलं.

बेबीबाईने आपली ओटी झटकन उचलली, मागोमाग बाकीच्यांनीही. नव्या दगडावर मायची एकटीची ओटी राहिली.

बाया तिसरा दगड आणायला नदीकडे निघाल्या.