ओडोमीटरची जोडी

"चौघांनी हात धरला तर फेर, पोरांनो! एकाचा सुटला की फेर कसला, नुसती गर्दी!"

जोड्या लावायला शिकवताना सर असं गाण्याच्या चालीवर सांगायचे. तेव्हा ती दुसऱ्या बाकावर बसायची. आज ती त्याच सरांच्या समोर, परीक्षा विभागाच्या बंद खोलीत, विद्यार्थ्यांच्या हरकती तपासायला बसली होती. मोबाइल बाहेरच्या पेटीत पडलेले, चहावर साय धरलेली, आणि टेबलावर एकच प्रश्न उरलेला. तोही सरांनीच काढलेला.

बॅरोमीटर, हायग्रोमीटर, ॲनिमोमीटर, ओडोमीटर. समोरच्या रांगेत हवेचा दाब, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाहनाचा वेग. उत्तरसूचीत बरोबर उत्तर म्हणे पर्याय दोन, म्हणजे याच क्रमाने चारही जोड्या. हरकत एका ओळीची होती : ओडोमीटर वेग नाही, अंतर मोजतो.

"तीन जोड्या चोख आहेत ना?" सर म्हणाले. "मग चौथी आपसूक जुळते."

"जुळत नाही, सर. उरली म्हणून गळ्यात बांधलीय."

टेबलाच्या टोकाशी बसलेले परीक्षा विभागाचे सचिव खुदकन हसले आणि सरांकडे बघून लगेच खोकले. "पण बाई, पाऊण उत्तर तर बरोबर आहे."

"मग पाऊण गुण द्या की! देतो का आपण? पर्याय म्हणजे चार जोड्यांचं मिळून एकच विधान. मूल एकच गोल रंगवतं, चारही जोड्यांची हमी घेऊन. त्यातली एक खोटी, तर अख्खा पर्याय खोटा. बाकीचे तीन पर्याय तर आधीच चुकलेले. म्हणजे बरोबर उत्तरच नाही. प्रश्न रद्द करा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी? पोरं जवळचा पर्याय निवडतात गं."

"ज्याला ओडोमीटर ठाऊक नाही, तो बिनघोर गुण घेऊन जाणार. आणि ज्याला ठाऊक आहे, तो चार दारं ठोठावून उपाशी परत येणार. हा कुठला न्याय?"

सरांनी कागद पुढे सरकवला. आवाज मऊ, पण धार तशीच. "पोरी, सही कर. हरकत फेटाळली, विषय संपला. नाहीतर पुढल्या वर्षी ही खुर्ची दुसऱ्या कुणाची असेल."

तिने पेनाला टोपण लावलं. खट्. खोलीत तेवढाच आवाज झाला.

"खुर्ची घ्या. सही मिळणार नाही."

"अगं, माझ्या पुस्तकातून वर्षानुवर्षं पोरं हेच शिकलीत! कुणी एक शब्द काढला नाही!"

सचिव खिडकीकडे बघू लागले. तिने कागद सरांकडे परत सरकवला. सरांवर माया होतीच, ती काही आटली नव्हती. इतकी वर्षं तिने याच मायेपोटी तोंड शिवून ठेवलं होतं.

"म्हणूनच तर, सर," ती म्हणाली. "चूक त्या पुस्तकातच आहे. तुमच्या वर्गात असतानाच मला ती कळली होती."