कॅलेंडरावरची खोटी खूण

तारीख मी सांगितली. सोनोग्राफीवाल्या बाईने विचारलं होतं रुचिकाला, पण तिने तोंड उघडायच्या आधीच मी बोलून मोकळी झाले. माझी ही खोड जुनीच आहे. माझे यजमान टिकारामजी म्हणतात, कलाबाईला विचारायची गरज नाही, ती आधीच उत्तर घेऊन बसलेली असते.

रुचिका माझी सून. वय चोवीस, लग्नाला दोन वर्षं झाली. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या पोटात डावीकडून खालच्या अंगाला दुखू लागलं. माझा भुपेंद्र नागपूरला कंपनीत असतो, सणासाठी चार दिवसांची सुट्टी काढून गावी कोंढ्याला आला होता. दुखणं थांबेना, तेव्हा पुढच्या सकाळी तो तिला घेऊन भंडाऱ्याला निघाला, आणि मीही मागच्या सीटवर बसले. मला जाणं भागच होतं. मी गेले नसते तर तिने खरं सांगून टाकलं असतं.

खरं असं होतं. रुचिकाची पाळी नेमकी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी येणार होती. आमच्याकडे पाच दिवस पडवीत बसावं लागतं. सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, आंबील, हे सगळं मी एकटीने कसं करायचं? मी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली आणि तिला सहा दिवस दिली, विसर्जनाच्या रात्रीपर्यंत.

पण भुपेंद्रला मी शब्द दिला होता. टीनाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नात रुचिकाला हीच गोळी दिली होती, आणि नंतर बिचारीला नऊ दिवस अंगावर गेलं. तेव्हा तो म्हणाला होता, "आई, पुन्हा तिले गोळी देशील तर घरात महालक्ष्म्या बसवाच्या नाही." मी समईला हात लावून हो म्हटलं होतं. म्हणून तो येण्याआधी मी कॅलेंडरावर पाळी येणार होती त्याच्या सहा दिवस आधीच्या तारखेला गोल काढून ठेवला. त्याला सांगितलं, या खेपेला लवकर आली, सणाच्या आधीच मोकळी झाली. रुचिका चुलीपाशी उभी होती. ऐकत होती.

तर सोनोग्राफीच्या खोलीबाहेर रुचिका बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसली होती. लघवीची तपासणी आधीच झाली होती, दिवस गेलेले नव्हते. आतून हाक आली. "शेवटची पाळी कधी?" मी गोलाची तारीख सांगितली. बाईने ती लिहून घेतली.

तासाभराने आम्ही तिघं डॉक्टर हर्षा मॅडमसमोर बसलो. मॅडमने रिपोर्ट टेबलावर पसरला आणि पेनाने एकेक ओळ दाखवत सांगू लागल्या. मला ते आवडलं. बाकीचे डॉक्टर कागद पाहतात आणि गोळ्या लिहितात.

"उजव्या अंडाशयात या बारीक फॉलिकल आहेत. बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या. त्या प्रत्येक बाईला असतात."

"म्हणजे फोड नाही ना मॅडम?" मी विचारलं.

"नाही. डावीकडे ही एक मोठी पिशवी आहे, तीन सेंटिमीटरची. सिम्पल सिस्ट. पातळ भिंत, आत नुसतं पाणी, गाठीसारखं घट्ट काही नाही. अशा सिस्ट बहुतेक आपोआप जिरतात. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. मध्ये अचानक जोरात दुखलं, उलटी झाली, चक्कर आली, तर लगेच यायचं."

"अन् हे पानी?" भुपेंद्रने रिपोर्टातल्या 'फ्री फ्लुइड' या शब्दांवर बोट ठेवलं. "पोटात पानी झालं का तिच्या?"

"गर्भाशयामागे थोडंसं आहे. एवढं नेहमीच दिसतं, त्याची काळजी नाही." मग मॅडमचं पेन एका ओळीवर थांबलं. "मला काळजी आहे ती याची. एंडोमेट्रियल थिकनेस चौदा मिलिमीटर. गर्भाशयाच्या आतलं अस्तर. पाळी येऊन दहा दिवस झाले म्हणता. पाळीत हेच अस्तर बाहेर पडतं, मग ते नव्याने वाढतं. दहाव्या दिवशी ते याच्या निम्म्यावर असायला हवं होतं. त्यात पाळी लवकर आली असंही म्हणता. आत काही वाढलंय का ते बघावं लागेल. कदाचित दुर्बिणीने बघून आतला तुकडा तपासायला पाठवावा लागेल."

भुपेंद्रचा चेहरा उतरला. "तुकडा म्हंजे... कॅन्सर?"

"तसं मी म्हटलं नाही. पण कारण कळल्याशिवाय सोडता येणार नाही."

रुचिकाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. चुलीवरचं दूध उतू जातं का म्हणून बघावं, तसं. आणि देवाशप्पथ सांगते, त्या घडीलाही माझ्या मनात पहिला विचार आला तो भुपेंद्रचा. पोरगं काय म्हणेल? एक तुकडाच तर काढतील, असंही मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

मॅडम चिठ्ठी लिहू लागल्या. भूल द्यावी लागेल, सकाळपासून काही खायचं नाही, असं सांगू लागल्या. भूल ऐकलं आणि माझा धीर सुटला.

"मॅडम, थांबा. तारीख खोटी हाये."

"कोणती तारीख?"

"पाळीची. आलीच नाही तिले. मी गोळी देली. सहा दिवस. परवा रातच्याले बंद केली."

मॅडमने पेन खाली ठेवलं. रुचिकाकडे वळून विचारलं, "खरी तारीख?" रुचिकाने ती एका दमात सांगितली. मॅडमने बोटांवर मोजलं. "तेहेतीस दिवस. पाळी थांबवून धरलेली. मग चौदा मिलिमीटर बरोबरच आहे, अस्तर गळून पडायची वाट बघतंय. दोन-चार दिवसांत पाळी येईल. जास्त अंगावर गेलं तर कळवा. ती संपली की, म्हणजे सुरू झाल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, अस्तर पुन्हा मोजू." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आई, रिपोर्ट मशीन काढतं. पण तो वाचायचा कसा, हे तारखेवर ठरतं. तुम्ही या मुलीला उगाच टेबलावर झोपवलं असतं."

मग रुचिकाला विचारलं, "तू का नाही बोललीस?"

"मले कोनी बोलूच नाही देलं," रुचिका म्हणाली.

मॅडमने लिहायला घेतलेली चिठ्ठी फाडून टाकली.

परतताना वाटेत भुपेंद्रने चहाला गाडी थांबवली आणि दोनच कप मागवले, त्याचा आणि रुचिकाचा. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. चूक माझी होती, मी मुकाट बाकड्यावर बसले.

तिसऱ्या दिवशी पाळी आली. सवयीने रुचिका आपली सतरंजी घेऊन पडवीत जाऊन बसली. मी म्हटलं, "आत ये वं, राहू दे ते." ती म्हणाली, "आता कायले आई? बसू द्या." मग थोड्या वेळाने, "कॅलेंडर द्या मले. मॅडमले तारखा दाखवाच्या हायेत."

कॅलेंडरावर लक्ष्मीचा फोटो आहे. त्या पाच दिवसांत ते कुणी बाईने हातात घेतलेलं मी या घरात पाहिलं नव्हतं. मी ते खिळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने लाल पेनाने माझा गोल खोडला. विसर्जनापर्यंतच्या सहा चौकोनांत एकेक करून "गोळी" असं लिहिलं, मोठ्या अक्षरात, कुणालाही वाचता येईल असं. मग आजच्या तारखेला गोल काढला. सहा दिवस पुढे मोजून "सोनोग्राफी" लिहिलं. मी ते परत स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असंच टांगलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बाया वाचतील, वाचू देत.

"मी येऊ का संगं?" मी दारातूनच विचारलं.

तिने पेनाला टोपण लावलं.

"या ना आई. पन तारीख मी सांगीन."