नऊ बाय आठची खोली

महिन्याच्या हिशेबाचा कागद क्षमाच लिहायची. दोन वर्षांत तिचा एकही आकडा कुणी तपासला नव्हता. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणारी ही गोंदियाची मुलगी. दशांशचिन्हसुद्धा जपून देणार, असं तिच्यासोबत भाड्याने राहणाऱ्या दोघींनी गृहीत धरलं होतं.

तेलीबांधा वस्तीतल्या त्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एप्रिलचा तिसरा रविवार म्हणजे वर्षाची बैठक. तिघींनी आपापली पगाराची स्लिप टेबलावर ठेवायची आणि पुढच्या वर्षाचं भाडं ठरवायचं. यामिनीताई बँकेत अधिकारी, कोल्हापूरहून बदलून आलेली, तिघींत मोठी. नियम तिनेच सुचवला होता: भाडं चोवीस हजार, ते पगाराच्या प्रमाणात वाटायचं, आणि मध्येच कुणाचा पगार बदलला तर त्याच महिन्यात सांगायचं. यामिनीताईला साठ हजार, संपदाला छत्तीस, क्षमाला कंत्राटावर चोवीस. म्हणून भाडं अनुक्रमे बारा हजार, सात हजार दोनशे आणि चार हजार आठशे. क्षमाला तेव्हा ते इतकं स्वस्त वाटलं होतं, की नऊ बाय आठच्या आपल्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते याची तिने तक्रारच केली नाही.

"आधी लाइट बिल," यामिनीताई म्हणाली.

क्षमाने वाचून दाखवलं. "एकूण तीनशे साठ युनिट, दोन हजार एकशे साठ रुपये. एसीच्या वेगळ्या मीटरवर दीडशे युनिट, त्याचे नऊशे तुझे, ताई. राहिले बाराशे साठ, तिघींत चारशे वीस."

"एसी माझा आणि गारवा खायला दोघी माझ्या खोलीत," यामिनीताई हसली. "चला, स्लिपा काढा. माझे साठच."

"माझे छत्तीसच," संपदा म्हणाली. ती नागपूरची, एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढायची. "मालक म्हणते पुढच्या वर्षी पाहू. अन् क्षमा, तुझे तेच न? चोवीस?"

क्षमाच्या फाइलमध्ये दोन कागद होते. एक गेल्या नोव्हेंबरचा, चोवीस हजारांचा. दुसरा मार्चचा. संपदाने हातसुद्धा पुढे केला नव्हता. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," क्षमा म्हणाली. "अठ्ठेचाळीस."

संपदाला आधी गंमत वाटली. "दुप्पट? कोणतं पाणी तपासून राहिली व तू?"

"मी परमनंट झाले. डिसेंबरपासून."

यामिनीताईने मार्चची स्लिप ओढून घेतली, चष्मा लावून वाचली आणि घडी घालून परत ठेवली.

"पाच महिने," ती म्हणाली.

"परमनंट झाली अन् पेढे नाही दिले तू?" संपदाचा आवाज विचित्र झाला. "अन् स्कूटी? ती बाबांनी घेऊन दिली म्हणे. मी रोज मागं बसून जातो तिच्यावर."

क्षमाने हे उत्तर डिसेंबरपासून मनात घोकलं होतं. "ताई, नव्या पगारावर माझं भाडं आठ हजार होतं. संपदाचं सहा. तिची खोली बारा बाय दहाची, माझी नऊ बाय आठची. लहान खोलीचे मी दोन हजार जास्त द्यायचे? नियमात खोली आहेच कुठे? दोन वर्षं मी गप्प बसले. ते पाच महिन्यांत थोडं वसूल झालं, एवढंच."

"एवढंच?" संपदा म्हणाली. "मग बोलली काहून नाही? तोंड नव्हतं?"

"थांब, संपदा." यामिनीताई उठली. "खोलीचा मुद्दा खरा आहे. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. तुझा टेप आण. मोजू."

संपदाने ऑफिसच्या पिशवीतून टेप काढला. तिघी एकीमागून एक खोल्यांत गेल्या. टेपचं एक टोक क्षमाच्या हातात, दुसरं संपदाच्या. यामिनीताईची खोली एकशे बत्तीस चौरस फूट. "बाल्कनी धरा," ती म्हणाली, "माझीच आहे ती." छत्तीस आणखी. एकूण एकशे अडुसष्ट. संपदाची एकशे वीस. क्षमाच्या खोलीत पलंग सरकवावा लागला. बहात्तर.

"आता असं करू," परत टेबलाशी आल्यावर यामिनीताई म्हणाली. "हॉल, स्वयंपाकघर सगळ्यांचं. अर्धं भाडं त्याचं, ते पगारावर. अर्धं खोल्यांचं, ते मापावर. काढ, क्षमा."

क्षमाने काढलं. यामिनीताईचे दहा हजार सहाशे, संपदाचे सात हजार, तिचे स्वतःचे सहा हजार चारशे. बेरीज चोवीस हजार. आठ नव्हे, सहा हजार चारशे! तिला एकदम बळ आलं.

"म्हणजे मी म्हणत होते तेच. आता जुन्या पगारावर काढते. दोन वर्षं मी दरमहा किती जास्त भरलं ते दिसेल."

तीनशे साठ फुटांत बहात्तर म्हणजे पाचवा हिस्सा. बारा हजारांचे दोन हजार चारशे. तिघींच्या जुन्या पगारांच्या एक लाख वीस हजारांत तिचे चोवीस हजार, तोही पाचवाच हिस्सा. दोन हजार चारशे. तिने बेरीज मांडली आणि पेन थांबलं. पुन्हा केली. अशी चूक तिच्या हातून होत नसे. झालीही नव्हती.

"किती?" संपदाने विचारलं.

क्षमाला कागद उलटा करता आला असता. "चार हजार आठशे," ती म्हणाली.

"म्हणजे भरत होती तेवढेच."

"हो."

"अन् माझे?"

"सात हजार सहाशे यायला हवे होते. तू सात हजार दोनशे भरत होतीस."

"म्हणजे चारशे मीच कमी भरून राहिली होती." संपदा कोरडं हसली. "पण मले माहीत नव्हतं."

दोन वर्षांची जी खोट क्षमा मनात जपून होती, ती कधी झालीच नव्हती. अन्याय पगार वाढल्यावर सुरू झाला असता, आणि तो थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

"नव्या पद्धतीने पाच महिन्यांचे आठ हजार निघतात," यामिनीताई शांतपणे म्हणाली. "तेवढे दे. मला चालेल."

"मले नाही चालत," संपदा म्हणाली. "तेव्हा नियम जुना होता."

"संपदाचं बरोबर आहे," क्षमा म्हणाली. "जुन्या नियमाने महिन्याला तीन हजार दोनशे. सोळा होतात. ताईचे दहा, तुझे सहा."

तिने तिथेच मोबाइल काढून दोघींना पैसे पाठवले. दोन्ही फोन टेबलावर टिंग करून वाजले. कुणी उचलून पाहिलं नाही.

यामिनीताईने नवे आकडे बारीक अक्षरांत स्वतःच्या डायरीत उतरवले. मग क्षमाचा कागद संपदाकडे सरकवला. "मे महिन्यापासून तू लिही. मीटरही तूच वाच."

क्षमाने पेनही पुढे सरकवलं.

सोमवारी सकाळी ती पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून खाली उतरली. संपदा स्कूटीपाशी नेहमीसारखीच उभी होती. क्षमाला हायसं वाटलं. तिने स्कूटी सुरू केली. संपदा मागे बसली, पण खांद्यावर हात न ठेवता तिने मागची दांडी धरली. चौकातल्या सिग्नलला पन्नासची नोट क्षमाच्या खांद्यावरून पुढे आली.

"हे काय?"

"पेट्रोल," संपदा म्हणाली. "आजपासून अर्धं माझं."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. क्षमाने नोट घेतली.