निळ्या आणि लाल पिशवीचा मार्च

नोटांनाही गावाचा वास असतो, असं मेहबूबची बायको बिबीजान म्हणायची. धडगावच्या बाजारातून आलेल्या दहाच्या नोटेला मोहाचा, मोलगीच्या नोटेला धुराचा. भोंगऱ्याची जत्रा संपेपर्यंत तिच्या बोटांना हे सगळे वास लागलेले असत. होळीआधीच्या त्या आठवड्यात सातपुड्यातल्या बाजारांत ढोल घुमत आणि मनगटा-मनगटावर बांगड्या चढत. मेहबूबच्या बांगड्या. फिरोजाबादहून खोक्यांतून येणारा काचेचा माल घेऊन तो डोंगर चढे आणि उतरताना गोण्यांतून चुरगळलेल्या नोटा आणी.

या वर्षी भोंगऱ्या रमजानातच आला. रोजा सोडला की बिबीजान चटई अंथरून बसे. नोटा तळहातानं सपाट करायच्या, चेहरे एका बाजूला आणायचे आणि दोन पिशव्यांत टाकायच्या. निळीत शंभर, दोनशे, पाचशे. लाल पिशवीत दहा, वीस, पन्नास, आणि ज्यांच्या अंगावर जखमा होत्या त्या सगळ्या. निळी पिशवी बँकेच्या दारातल्या पैसे भरायच्या मशीनसाठी, लाल आतल्या काउंटरसाठी. मशीन एका वेळी दोनशेच नोटा गिळे आणि लहान नोटा तर तोंडातही घेत नसे.

"ये मशीन बडे घरका दामाद है," बिबीजान म्हणे. "छोटे नोट सूंघता भी नहीं."

"और काउंटर?" मेहबूब विचारे.

"काउंटर सास है. सब लेती है, पर सुनाके."

दोन पिशव्या, म्हणून दोन हिशेब. दहा वर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनानं एक आकडा चढत असे, लाल पेनानं दुसरा. चालू खातं उघडताना सांगितलेलं मेहबूबला पाठ होतं: महिन्याला तीन लाखांपर्यंत रोख भरणा मोफत, पुढे हजारी चार रुपये आणि त्यावर जीएसटी. आजवर कुठल्याच महिन्यात दोन्ही आकडे मिळूनही तीन लाखांच्या उंबऱ्याला शिवले नव्हते. त्यामुळे उंबरे दोन आहेत की एक, हा प्रश्न त्या घरात कधी जन्मलाच नव्हता.

यंदा भोंगऱ्याच्या जोडीला ईदही आली, आणि मार्चअखेर निळा आकडा थांबला दोन लाख पंच्याण्णव हजारांवर. पुढची पाच हजारांची थप्पी मेहबूबनं मशीनच्या तोंडाशी नेऊन परत आणली होती. लाल आकडा एक लाख नव्वद हजार.

"दोन्ही तीनच्या आत," तो समाधानानं म्हणाला. आपण बँकेपेक्षा अंगुळभर शहाणे ठरलो, असं त्याला त्या क्षणी वाटलं. असे क्षण माणसाला फार थोडे मिळतात, आणि बहुधा ते खोटेच असतात.

खात्यात त्यानं तीन लाख साठ हजार पाचशे ठेवले. फिरोजाबादच्या नवनीतभाईंना दोन एप्रिलच्या तारखेचा तीन लाख साठ हजारांचा चेक दिला होता. बारा वर्षं हे असंच चाललं होतं: माल आधी, चेक पुढच्या तारखेचा. पहिल्याच भेटीत नवनीतभाई म्हणाले होते, "मियाँ, मेरे यहाँ एक ही कायदा है. चेक एक बार लौटा, तो उधारी गई." तो चेक वटला की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, माल निघणार होता. बेचाळीस खोकी. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि नवी बांगडी न चढवता कोणी झोक्यावर बसत नाही. वर्षाची खरी कमाई तीच होती.

"पाचशे जास्तच ठेवलेत," तीन तारखेच्या पहाटे टेम्पोत बसताना तो भरतला म्हणाला. भरत हा त्याचा जुना ड्रायव्हर, रनाळ्याचा.

"चाचा, तुम्ही बँकलेबी बक्षीस देतस का?" भरत हसला.

मोलगीच्या बाजारात दिवसभर मोबाइल मुका होता. तिथे तो नेहमीच मुका असे. संध्याकाळी घाट उतरताना, तिसऱ्या वळणावर, खिशात एकामागून एक तीन थरथरी आल्या. मेहबूबनं चष्मा लावला. पहिला निरोप सकाळचा: मार्च महिन्याचा रोख हाताळणी आकार, आठशे त्र्याहत्तर रुपये वीस पैसे वजा. दुसरा दुपारचा: अपुऱ्या शिलकीमुळे चेक परत. तिसरा त्यालाच चिकटून आलेला: चेक परतीचा आकार, पाचशे नव्वद.

"काय व्हयनं चाचा?"

"गाडी थांबव."

भरतनं गाडी कडेला घेतली. खाली अक्कलकुव्याकडचे दिवे लागत होते. मेहबूबनं पुन्हा पुन्हा वजाबाकी केली. तीनशे त्र्याहत्तर रुपये वीस पैसे. तेवढेच कमी पडले होते. त्याच्या मांडीवरच्या गोणीत अठरा हजार चारशे होते, दहा-दहाच्या, वीस-वीसच्या गड्ड्यांत, उबदार आणि निरुपयोगी. नेटवर्क असतं तर कोणीही दोन मिनिटांत चारशे रुपये पाठवले असते. पण "असतं तर" या शब्दांवर कुठलीही बँक व्याज देत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला तो काउंटरसमोर उभा राहिला. पलीकडे सोनम होती, शहाद्याची, बँकेत लागून दोन वर्षं झालेली.

"मॅडम, मशीनमध्ये दोन पंच्याण्णव, तुमच्याकडे एक नव्वद. तीन लाखांवर कुठे गेलो मी?"

सोनमनं पडदा त्याच्याकडे वळवला. "चाचा, बेरीज करा ना. मशीन असो की काउंटर, खातं एकच. मर्यादाही एकच."

"दोघांची मिळून?"

"मिळून. चार लाख पंच्याऐंशी झाले. वरचे एक पंच्याऐंशी. हजारी चारनं सातशे चाळीस, वर जीएसटी एकशे तेहतीस वीस."

"मशीन तर मी स्वतःच चालवतो. तुमचं माणूसही लागत नाही."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्या खात्याच्या दरपत्रकात तसंच आहे."

"अन् चेक? तीनशे त्र्याहत्तरसाठी तीन लाख साठ हजार परत?"

"एक रुपया कमी असला तरी चेक अख्खाच परत जातो, चाचा. आकार माफ व्हावा म्हणून अर्ज द्या, साहेब वर पाठवतील. पण चेक परत गेल्याची नोंद पुसता येत नाही."

तिचा आवाज मऊ होता. हीच अडचण होती. भांडायला समोर कोणीच नव्हतं. एक आकडा सकाळी आपोआप जागा झाला, आपलं काम करून आपोआप झोपला, आणि त्याच्या मागे एक माणूस उरला.

मेहबूबनं गोणी रिकामी केली. सोनमनं गड्ड्या मोजल्या, दोन फाटक्या नोटाही न कुरकुरता घेतल्या. मग त्यानं तिथेच आरटीजीएसचा फॉर्म भरून तीन लाख साठ हजार फिरोजाबादला पाठवले आणि बाहेर येऊन फोन लावला.

"पैसा आ गया मियाँ," नवनीतभाई म्हणाले. "आपकी नीयत पे शक नहीं. पर मेरी बीवी के भाई का चेक लौटा था, तब भी यही किया था मैंने. अब चार लाख पहले भेजो, बयालीस पेटी उसी दिन निकलेगी."

"चार लाख होते, तो चेक क्यूँ देता भाई?"

"सही है," ते म्हणाले, आणि ते खरंच दुःखानं म्हणाले.

घरी त्यानं बिबीजानला दोन्ही आकड्यांची बेरीज सांगितली. चेकचं तिला त्याच्या चालण्यावरूनच कळलं होतं. तिनं कॅलेंडरचं मार्चचं पान फाडलं, निळा आणि लाल आकडा एकमेकांवर दुमडून चुलीशी ठेवला. मग लाल पिशवी उलटी करून निळीत कोंबली.

"अब एकही रखेंगे," ती म्हणाली.

मेहबूब एप्रिलच्या पानाकडे बघत राहिला. अठरा हजार चारशे भरले होते. मोफत मर्यादेचे दोन लाख एक्याऐंशी हजार सहाशे अजून शिल्लक होते. महिन्याच्या शेवटाशी आखाजी होती, गल्लीतल्या निंबाला कोणी आतापासूनच दोर बांधून पाहत होतं, आणि दुकानाच्या फळ्यांवर खोक्यांच्या जागी धुळीचे चौकोन उरले होते. एवढी मोकळी मर्यादा, आणि ती भरायला विकायची बांगडीच नव्हती.