मास्तरांचं माप

पोट सुटलेल्या माणसांचे कपडे शिवण्यात मास्तरांचा हातखंडा होता. लांबलांबून गोल पोटांचे लोक त्यांच्याकडे येत. मास्तरांचं स्वतःचं पोटही त्याच जातीचं होतं, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांची बायको शेजारच्या मशीनवर काजं-बटणं करी. तिला ते केव्हाचं दिसत होतं, पण संसार टिकवायचा म्हणून ती बोलत नसे.

एका सकाळी बसचे एक ड्रायव्हर ट्रायलला आले. दिवसभर बसून काम, त्यामुळे पोट स्टिअरिंगला टेकलेलं. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांना अंगाला घट्ट बसणारा चकाकता शर्ट हवा होता, म्हणजे बारीक दिसू. मास्तरांनी त्यांना माप घेतानाच समजावलं होतं की घट्ट शर्टात बटणं ताणतात आणि मधल्या फटींतून गंजी डोकावते. चकाकत्या कापडावर उजेड पडला की गोलाई उलट उठून दिसते. म्हणून खांद्यात नेमका आणि समोरून मोकळा असा शर्ट त्यांनी बेतला. पोटावरून जाताना कापड वर उचललं जातं, म्हणून पुढची उंची थोडी जास्त ठेवली. पँटचं आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग, उंच घेतलं आणि पुढे दोन चुण्या घातल्या, म्हणजे ती पोटाखाली न घसरता बेंबीपाशी बसावी.

ड्रायव्हरांनी आरशासमोर एक चक्कर मारली. शर्ट पोटावरून सरळ खाली उतरत होता, पँट जागची हलत नव्हती. ते खूश झाले. मग त्यांची नजर आरशातच मागे उभ्या असलेल्या मास्तरांवर गेली. मास्तरांची पँट पोटाखाली कुठेतरी जीव मुठीत धरून लटकली होती, मागे तिचा झोळ झाला होता आणि शर्टाचं बेंबीजवळचं बटण आता तुटेल की मग, अशा बेतात होतं.

"मास्तर," ड्रायव्हर अदबीने म्हणाले, "तुमचे कपडे कोण शिवतं?"

बायकोच्या मशीनचा आवाज थांबला. पैसे घेताना मास्तरांनी दोनदा शर्ट खाली ओढला.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बायकोने गळ्यात टेप अडकवून त्यांना उभं राहायला सांगितलं. मास्तर म्हणाले, माझं माप मला पाठ आहे. बायको म्हणाली, ते लग्नातल्या माणसाचं आहे. मग मास्तर उभे राहिले आणि त्यांनी पोट असं आत ओढलं की डोळे बाहेर आले.

आता हे सोडवायचं कसं, ते बायकोला ठाऊक होतं. टेप हातात धरून तिने सहज विचारलं, "तुमच्या धाकट्या भावाने ते सामाईक शिवणयंत्र परत केलं का हो?"

झालं. मास्तर सुरू झाले. भाऊ कसा, भावजय कशी, यंत्र नेताना काय बोलला आणि आता फोन कसा उचलत नाही. श्वास रोखून कोणाला भांडता येत नाही. पोट हळूहळू आपल्या मूळ घरी आलं, बायकोने टेप फिरवला, आत एक बोट ठेवलं आणि माप घेतलं. मग त्यांना स्टुलावर बसवून पुन्हा घेतलं.

"बसल्यावर कशाला?" मास्तर कुरकुरले.

"तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता. बसल्यावर पोट पसरतं."

कापडावरून जरा तणातणी झाली. मास्तरांना स्वतःसाठी पातळ, झुळझुळीत कापड हवं होतं. बायकोने ते त्यांच्याच पोटावर धरून दाखवलं. ते ओल्या फडक्यासारखं चिकटून बसलं. मग त्यांनी मुकाट्याने मध्यम जाडीचं, चमक नसलेलं, गडद रंगाचं, अंगाला न चिकटता खाली पडणारं कापड पुढे केलं. कापायला मात्र बायकोच बसली. मास्तर तिच्या डोक्यावर उभे राहून, एवढं मोठं आसन घेऊ नकोस, चुणी एकच घाल, असं सांगत राहिले. ती ऐकल्यासारखं करून खडू आपल्या मनाने ओढत राहिली.

कपडे तयार झाल्यावर मास्तर पडद्यामागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा चेहरा गंभीर होता. पँट बेंबीपाशी बसली होती, मागचा झोळ गेला होता. शर्टावर एक सुरकुती नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं, खाली बसून पाहिलं, हात वर करून पाहिले. शर्ट बाहेर आला नाही.

"पोट आहे तेवढंच आहे," ते शेवटी म्हणाले, "पण भांडत नाही."

बायको हसली. मास्तरांनी सवयीने कंबरपट्टी उलटून आतली शिवण तपासली. कारागिराचा हात चांगला होता. शिवणीच्या आत, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून, जास्तीचं कापड दुमडलेलं होतं. त्याला धंद्यात माया म्हणतात. ही जरा जास्तच होती.

"अगं, एवढी माया कशाला ठेवलीस?"

"तुमचं जेवण माझ्याच हातचं आहे," ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.