आजची तारीख

तिचे काम सोपे होते. दर सोमवारी कार्यालयाच्या ग्रुपवर एक्सेलच्या सात स्लाइड टाकायच्या, एकेका स्लाइडवर एक सूत्र किंवा शॉर्टकट आणि खाली त्याचे उत्तर. प्रत्येक सूत्र ती स्वतः चालवून बघे, उत्तराचा फोटो घेई आणि मगच स्लाइड पाठवी. तिची चूक आजवर कुणी काढली नव्हती.

महिन्यापूर्वीच्या चौथ्या स्लाइडवर होते: ‘तारीख टाइप करताय कशाला? =TODAY() लिहा.’ खाली त्या दिवसाची तारीख. अगदी बरोबर.

तक्रारींची आवक नोंदवणाऱ्या काकूंनी ती मनावर घेतली. आलेल्या प्रत्येक तक्रारीपुढे त्या हेच सूत्र लिहू लागल्या. शेजारचा रकाना तक्रार किती दिवस पडून आहे ते दाखवी. तिथे रोज शून्य येई. साहेब खूश होते. मग एक गृहस्थ तीन आठवड्यांपूर्वीची पोच घेऊन खिडकीशी उभे राहिले. यादीत त्यांची तक्रार आजच आलेली होती. सगळ्यांच्याच आज आल्या होत्या. काकूंना मेमो मिळाला: तारखांत फेरफार.

काकू तिच्या टेबलाशी आल्या.

“तीस वर्षं हाताने तारीख घातली गं. तुझं ऐकलं आणि शहाणपण नडलं.”

“काकू, ते सूत्र रोज बदलतं. फाइल उघडली की त्या दिवसाची तारीख दाखवतं.”

“हे स्लाइडवर कुठे होतं?”

नव्हते. तिने सूत्र चालवले होते ते एका मिनिटापुरते. चूक दुसऱ्या दिवशी दिसणारी होती.

ती साहेबांकडे गेली आणि चूक तिच्या स्लाइडची होती, असे सांगितले.

“स्लाइड काढून टाक,” साहेब म्हणाले. “तुझं नाव कशाला मध्ये? तुझा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे.”

“काढली तर काकूंकडे दाखवायला काय उरेल?”

“ते त्यांचं त्या बघतील.”

ती जागेवर परतली. स्लाइड तिने काढली नाही. कोऱ्या फाइलमध्ये वरच्या घरात =TODAY() लिहिले, खालच्या घरात कंट्रोल दाबून अर्धविराम, हा तारखेचा शॉर्टकट. दोन्हीकडे एकच तारीख उमटली. फोटो घेतला, फाइल साठवली. तो सोमवार होता. ग्रुपवर विचारणा झाली, स्लाइड कुठे? तिने लिहिले, “उद्या.”

तोवर काकू मूळ कागदांवरचे आवक शिक्के बघून तारखा हाताने घालत होत्या.

मंगळवारी तिने फाइल उघडली. वरचे घर एका दिवसाने पुढे गेले होते, खालचे जागच्या जागी होते. दुसरा फोटो घेतला. या खेपेला एकच स्लाइड गेली, दोन फोटोंची. वर लिहिले होते: ‘चौथी स्लाइड अर्धवट होती. चूक माझी.’

स्लाइडची छापील प्रत तिने काकूंना दिली. काकूंनी ती मेमोच्या उत्तराला टाचली, खाली सही केली आणि तारीख पेनाने घातली.