आत्या धरून हिशोब

रविवार म्हणजे आमच्याकडे कोंबडीवडे. माझा भाऊ धाकूदादा होता तेव्हापासूनचा शिरस्ता. तो मिलमधून यायचा तोच पिशवी नाचवत, "शुभे, वाटण लाव गो!" अजून तो आवाज कानात आहे.

त्या रविवारी माधुरी जेवायला होती. माझ्या भाच्याची बायको मानसी, तिची ही मैत्रीण, विम्याची एजंट. माझा भाचा सिद्धेश म्हणजे धाकूदादाचा मुलगा. त्याने छाती फुगवून सांगितलं, "माझा टर्म विमा पन्नास लाखांचा. जुनी पॉलिसी पाच, ऑफिसचा चाळीस. पंचाण्णव झाले. झकास ना?"

"ऑफिसचा नोकरीबरोबर जातो. तो सोड, पंचावन्न उरले," माधुरी म्हणाली. "घराचं कर्ज?"

"चाळीस बाकी."

"त्यावर वेगळा विमा?"

"नाही."

"मग राहिले पंधरा. तुझा स्वतःचा खर्च वगळून घराला महिन्याला साठ हजार लागतात. दोन वर्षांत खलास. तुझी लेक निधी आता पहिलीत. मानसीला पगार नाही. निधीचं शिक्षण, घराची पुढची वीस वर्षं, सगळं धरून अजून दीड कोटी तरी हवेत."

"काय यार! एवढा हप्ता भरत बसू?" सिद्धेश हसला. "आमच्या घरात माणसं सांभाळून घेतात. बाबा गेले तेव्हा कुठे काय होतं? आत्या आहे ना!"

माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. डोकंच फिरलं माझं.

"मेल्या, आत्या काय विमा आहे?" मी ओरडले. "दादा गेला तेव्हा पॉलिसीचे पैसे तुझ्या शाळेच्या पहिल्या वर्षाला पुरले नाहीत. तेव्हा मी होते, चोवीस वर्षांची! ठरलेलं लग्न मोडलं, चारकोपच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावल्या. आज ती नाही, पण तेव्हा तुझ्या आईला एकटीला कसं सोडणार होते? आनंदाने केलं, रे. तुला शाळेत सोडायला जायचे ना, ते दिवस आजही मला हवेसे वाटतात. पण आता गुडघे बघ माझे. निधीसाठी परत कोण मशीनवर बसणार?"

मानसीने गॅस बंद केला. ती डोळे पुसत होती.

सिद्धेशने खुर्ची माधुरीकडे ओढली. मग म्हणाला, "माधुरी, माझ्यावर अवलंबून कोण, त्यात आत्याला घेतलंच नव्हतं मी. तिचं औषधपाणी माझ्याच पगारातून चालतं. धर तिला."

"किती वर्षं धरू?"

माझं वय एकसष्ट. मी पुटपुटले, "दहा पुरे."

"शंभरीपर्यंत धर," सिद्धेश म्हणाला.

"अरे, हप्ता वाढेल!"

"वाढू दे," तो म्हणाला. मी वड्याचा घास त्याच्या तोंडात कोंबला.